झगा कुणाच्या मापाचा?

तिच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तो पाहायची वेळ कुणावर येत नसे. वयाने मोठी नटमंडळी नुसतं 'टाचणी' म्हणत, बरोबरीची 'टाचणीताई' आणि पोरसवदा नट 'टाचणीमावशी'. तोंडात टाचण्या धरून ती कशी बोलायची, हे कोडं कुणालाच उलगडलं नाही. बोलायची मात्र भरपूर. बोलणं ऐकून नवखा नट श्वास रोखून उभा राही. ही आता एक गिळते की काय, असं त्याला वाटे.

तिचं राज्य रंगमंचाच्या खाली होतं. चौदा पायऱ्या उतरल्या की कपडेपटाची खोली. लांबलचक, बुटकी, कापूर आणि इस्त्रीच्या वाफेच्या वासाने भरलेली. दोन भिंतींना दांड्या, दांड्यांवर तीस-पस्तीस नाटकांचे कोट, झगे, शाली, सैनिकांचे डगले. मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात शिलाईचं मशीन. एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिथून माणसं दिसत नसत, नुसते पाय दिसत. कोण आलं हे टाचणी जोड्यांवरून सांगायची. "तो उधारीवाला नट आला बघ," ती स्वतःशीच पुटपुटायची, "टाच बाहेरून झिजलीय."

एकतीस वर्षं ती तिथे होती. विशीत आली ती पडदा शिवायला, चार दिवसांच्या बोलीवर. पडदा झाला, मग पडद्याची झालर, मग राजाच्या अंगरख्याची काख उसवली, मग राहिलीच. लग्न केलं ते पोस्टमनशी. नाटकमंडळीची पत्रं आणून देता देता त्याचा पाय त्या खिडकीपाशी अडखळायला लागला होता. जोडे पाहूनच पसंत केला, असं ती सांगायची. "चेहरा लग्नानंतर नीट पाहिला," म्हणायची, "तोवर फार उशीर झाला होता."

या धंद्यात काम येतं ते चिठ्ठीवर. आता चिठ्ठीची जागा फोनवरच्या निरोपाने घेतली, पण तऱ्हा तीच. नट घाईत असतो. अर्धं मनात ठेवतो, अर्धं लिहितो, आणि पुरं कळलं असं समजून झोपी जातो. 'तो कोट जरा बघ.' कुठला कोट? बघून काय करू? 'परवासारखं कर.' परवा दोन प्रकारे केलं होतं, त्यातलं कुठलं? अशा निरोपांवर टाचणीची अर्धी हयात गेली.

सुरुवातीला ती अंदाज करायची, आणि अंदाजाचा तिला गर्व होता. एका विनोदी नटाने लिहिलं, विजार आखूड कर. किती, ते नाही. तिने चार बोटं केली. त्याला दोन हवी होती. पहिल्याच प्रवेशात त्याच्या उघड्या घोट्यांवर प्रेक्षक हसले, असे हसले की पुढची चार वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. नट आत येऊन तिच्या पाया पडला आणि ती विजार त्याने चार वर्षं घातली. त्या दिवशी टाचणीला वाटलं, आपल्याला माणसाच्या मनातलं दिसतं.

ही हवा उतरवली ती एका अबोल चरित्रनटाने. त्याने लिहिलं होतं, काळ्या कोटाचं अस्तर काढून टाक, फार उकडतं. खुंटीवर काळे कोट दोन. एक कंपनीचा, एक त्याचा स्वतःचा. कंपनीचा पातळ होता, त्याचा जाड. उकडणार ते जाड कोटातच, असं म्हणून तिने त्याच्या कोटाचं अस्तर कापून काढलं. तो कोट त्याच्या वडिलांचा होता आणि ते अस्तर त्याच्या आईने हाताने घातलेलं होतं. तो ओरडला नाही. कापलेले तुकडे टेबलावर एकाला एक लावून पाहिले, घडी केली आणि पिशवीत ठेवले. "तुझी चूक नाही, टाचणी," म्हणाला, "मीच लिहायला हवं होतं." त्याने ओरडायला हवं होतं, असं तिला आजही वाटतं.

त्यानंतर सहा महिने तिने कुणाला सोडलं नाही. बटण काळ्या दोऱ्याने लावू की तपकिरी? इस्त्री आतून करू की बाहेरून? कंपनीचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे मागून घड्याळ म्हणत कारण ते बोलताना माणसाकडे न पाहता मनगटाकडे पाहत, एक दिवस चौदा पायऱ्या उतरून खाली आले. "टाचणीबाई," म्हणाले, "उद्या तुम्ही श्वास घेण्याआधीही मला विचारणार का? मग तुम्हाला ठेवलंय कशाला?" टाचणी रडली, मग हसली, आणि मग तिला तिचा हिशेब सापडला. सुईचं काम असेल तर अंदाज करावा, कारण चुकलं तर दहा मिनिटांत उसवता येतं. कात्रीचं काम असेल आणि मनात शंका असेल, तर विचारावं. विचारण्याआधी आपल्या वहीत, कपड्यात, आठवणीत उत्तर आहे का ते धुंडाळावं. तिथे असेल तर समोरच्याला कशाला शिणवायचं? याच हिशेबावर पुढची सगळी वर्षं सुखाने गेली.

आणि मग एका बुधवारी सकाळी राणीबाईंचा निरोप आला.

राणीबाई म्हणजे कंपनीची पहिली नटी. बावीस वर्षं त्या एकाच नाटकात राणी होत्या, म्हणून नावही तेच पडलं. पहिल्या दोन अंकांत राणी तरुण, राज्य मिळवणारी. तिसऱ्या अंकात ती म्हातारी, राज्य सोडून देणारी, आणि त्या अंकात ती निळा झगा घालून अकरा पायऱ्या उतरून खाली येते. तो झगा टाचणीने शिवलेला. खाली वीतभर रुंद जड जरीचा काठ. चालताना त्याचा असा सरसर आवाज व्हायचा की राणीबाई विंगेत असतानाच प्रेक्षागृह गप्प व्हायचं.

सात महिन्यांपूर्वी राणीबाई आजारी पडल्या. शस्त्रक्रिया झाली, हाती काठी आली, नाटक बंद पडलं. आता रविवारी दुपारी ते पुन्हा उभं राहणार होतं आणि राणीचं काम त्यांची लेक करणार होती. तिला सगळे धाकटी म्हणत. महिनाभर तालमी चालल्या होत्या. राणीबाई बाजूच्या खुर्चीत बसून लेकीला वाक्यं देत. वाईट वाटतंय असं एकदाही दिसू दिलं नाही त्यांनी.

निरोप एवढाच होता: 'निळा झगा अंगाला बसेल असा करून ठेव. रविवारी लागेल.'

टाचणीने वाचला. तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. परत वाचला.

अंगाला बसेल. कुणाच्या?

तेवढ्यात घड्याळ मनगट बघत आत आले. "झग्याचं कळलं ना? बाईंनी मलाही सांगितलंय की टाचणीला निरोप टाकलाय म्हणून. धाकटीच्या मापाचा करा. शनिवारी रात्री रंगीत तालीम."

"धाकटीच्या मापाचा, असं बाई म्हणाल्या का तुम्हाला?"

"अहो, त्यात म्हणायचं काय आहे? काम कोण करतंय?"

"धाकटी."

"मग?"

"मग काही नाही. पण बाईंनी लिहिलेलं नाही."

"टाचणीबाई," घड्याळांनी पहिल्यांदाच मनगट सोडून तिच्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "हे मात्र विचारू नका हं त्यांना. झगा कुणाच्या मापाचा, असं आजारी बाईला विचारायचं? त्यांना काय वाटेल? महिनाभर मन घट्ट करून बसल्यात खुर्चीत. त्या खपलीवर नख कशाला लावता?"

ते गेले. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच टाचणीला ते टोचलं.

तिने झगा दांडीवरून उतरवून टेबलावर पसरला. वही काढली. राणीबाईंचं माप बावीस वर्षांचं होतं, आणि आता त्या किती वाळल्यात हे डोळ्यांना दिसत होतं. त्यांच्यासाठी करायचा तर दोन्ही कुशींना आत टीप घालायची. सुईचं काम, तेही तासाभराचं. पण धाकटी आईपेक्षा चांगली चार बोटं बुटकी आणि खांद्यात रुंद. तिच्यासाठी लांबी कमी करायची तर खालचा जरीचा काठ कापता येणार नाही, तो तर झग्याचा जीव. म्हणजे कमरेत आडवं कापायचं, मधलं कापड काढायचं आणि परत जोडायचं. कापड बावीस वर्षांचं. एकदा कापलं की तो झगा पुन्हा कधी आईच्या अंगावर चढणार नाही. तीन दिवसांचं काम, म्हणजे गुरुवारी सकाळी कात्री लावलीच पाहिजे.

मधला मार्ग आहे का, हेही तिने पाहिलं. खाली आतून दुमडून धावदोरा घालायचा, म्हणजे दोघींनाही चालेल. दुमडला, हातात धरून झुलवला. जड काठ धाग्याला खाली ओढत होता. दोन टाके तटतट तुटले. अकरा पायऱ्यांवर हे सुटलं आणि पायात आलं तर पोरगी तोंडावर पडेल. मधला मार्ग मिटला.

दुपारी नवरा डबा घेऊन आला. निवृत्त झाला तरी त्याचे पाय दुपारी एक वाजता त्या खिडकीपाशी येतच. त्याने निरोप वाचला, चष्मा वर केला, परत वाचला.

"सरळ तर आहे. लेकीचा."

"तुम्हीसुद्धा?"

"नाटक लेकीचं, झगा लेकीचा. तुझं डोकं म्हणजे गुंता झालेलं रीळ."

"अहो, मग लेकीने लिहिलं असतं ना! ती रोज दहा निरोप टाकते मला. मावशी हे, मावशी ते. झग्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही महिनाभरात. आणि ज्या बाईंनी सात महिन्यांत मला एक ओळ लिहिली नाही, त्या लिहितात. का?"

पोस्टमनने घास चावता चावता विचार केला. "आमच्याकडे अर्धवट पत्त्याची पत्रं यायची. साधं पत्र असलं की मी अंदाजाने टाकायचो. चुकलं तर शेजारी देतो आणून, नाहीतर दुसऱ्या दिवशी मी उचलतो. पण रजिस्टर असलं, की सही घेण्याआधी विचारायचो. लोक चिडायचे. 'इतकी वर्षं येताय, ओळखत नाही का?' म्हणायचे."

"मग?"

"मग काय, ओळखतो म्हणूनच विचारतो, म्हणायचो. आमटी फार खारट झालीय आज."

"तुम्हीच केलीय ती."

"म्हणून तर सांगतोय. दुसऱ्या कुणाची असती तर बोललो नसतो."

तो गेल्यावर टाचणीने फोन घेतला. पण सरळ विचारायला बोट धजेना. घड्याळांची खपली आठवली. मग तिने आडून विचारलं. लिहिलं, 'राणीबाई, लांबी किती ठेवू?' तिला वाटलं, उत्तरातूनच माणूस कळेल आणि कुणाचं मन दुखणार नाही.

उत्तर लगेच आलं: 'नेहमीचीच. तुला काय सांगायचं?'

टाचणीने कपाळावर हात मारला. नेहमीची म्हणजे राणीबाईंचीच, असं एक मन म्हणालं. दुसरं म्हणालं, नेहमीची म्हणजे जमिनीपासून दोन बोटं वर, मग अंग कुणाचंही असो. चोरवाटेने गेल्याचं फळ मिळालं होतं. एक कोडं होतं, आता दोन झाली.

आता अंदाज करायचाच तर तिचं मन राणीबाईंकडे झुकत होतं. पण नुसत्या झुकत्या मनावर? अंदाज चुकला आणि झगा आईच्या मापाचा राहिला, तर रविवारी धाकटी बिनझग्याची. उलट बाजूने चुकला, तर... टाचणीने कात्रीकडे पाहिलं आणि पुढचा विचार केलाच नाही. खपलीवर नख लागेल, हे खरं. पण बाईंना न विचारता त्यांच्या पाठीमागे त्यांचा झगा कापून टाकणं म्हणजे काय फुंकर होती?

फोन लावावा का? नको. फोनवर माणसाला तिथल्या तिथे बोलावं लागतं. आवाज फुटला तर लपवता येत नाही. लिहिलेलं वाचून माणूस खिडकीबाहेर बघू शकतो. म्हणून ती लिहायलाच बसली. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. एकदा फार गोड झालं, एकदा फार लांब. एकदा मधे तीन प्रश्न आले आणि तिला वाटलं, आजारी माणसाची परीक्षा घेतोय की काय आपण. शेवटी हे राहिलं:

'राणीबाई, एकच विचारते. झगा तुमच्या मापाने बसवू की धाकटीच्या? तुमच्यासाठी नुसती टीप घालायची आहे. धाकटीसाठी कमरेत कापावा लागेल, आणि मग तो तुम्हाला परत होणार नाही. म्हणून विचारलं, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता. उद्या सकाळी दहापर्यंत कळवा, तोवर कात्री लावत नाही.'

पाठवलं. खाली खूण उमटली: वाचलं. पाच मिनिटं झाली, तास झाला. उत्तर नाही. संध्याकाळ झाली. टाचणीने त्या दिवशी तीन बटणं चुकीच्या कोटाला लावली.

गुरुवारी सकाळी ती आठलाच येऊन बसली. नऊ. साडेनऊ. घड्याळ दोनदा डोकावून गेले, "कापला का?" विचारून. "दहाला," ती म्हणाली. ते "विचारलंत ना शेवटी?" म्हणाले आणि मान हलवत निघून गेले. टाचणीला वाटलं, आपण एका आजारी बाईची रात्र घालवली. एकतीस वर्षांत कमावलेलं शहाणपण एका निरोपात मातीत गेलं.

दहाला सात मिनिटं असताना खिडकीत आधी काठी दिसली. मग दोन पाय, हळू, जपून. टाचणीने ते जोडे ओळखले आणि ती जी उठली ती मशीनला अडखळून चौदा पायऱ्या चढून वर पोचली.

"अहो, कशाला आलात! मी आले असते घरी..."

"हात दे आणि गप्प बस," राणीबाई म्हणाल्या.

दोघी एकेक पायरी करत उतरल्या. राणीबाई स्टुलावर बसल्या, धापा शांत होऊ दिल्या. टेबलावर पसरलेल्या झग्यावर हात ठेवला.

"रागावलात?" टाचणीने विचारलं.

"तुझ्यावर? काल तुझा निरोप वाचून मी आधी फोन फेकला. गादीवरच फेकला, नवा आहे." त्या किंचित हसल्या. "म्हटलं, ही बया! बाकी सगळ्यांना कळतं आणि हिलाच कळत नाही? मग रात्रभर विचार केला. आणि टाचणी, खरं सांगू? तो निरोप मी मुद्दाम तसा लिहिला होता. अगदी मुद्दाम नाही. पण लिहिताना 'कुणाच्या' हा शब्द बोटापर्यंत आला, आणि मी तो लिहिला नाही."

"का हो?"

"माझ्या मापाचा कर, असं लिहायची हिंमत नव्हती. लेकीच्या मापाचा कर, असं लिहवत नव्हतं. म्हटलं, सोडून द्यावं टाचणीवर. तू कापला असतास तर मी म्हणाले असते, संपलं, दैव. नसता कापलास तर..." त्यांनी जरीच्या काठावरून बोट फिरवलं. "सात महिने सगळ्यांना माहीत आहे गं, मला काय हवंय ते. डॉक्टरांना माहीत, घड्याळांना माहीत. लेक तर माझ्याही आधी माझ्या मनातलं ओळखते, असं तिला वाटतं. विचारलं कुणीच नाही. तू विचारलंस. आणि दहापर्यंतची वेळ दिलीस, म्हणून मला उत्तर शोधावं लागलं."

टाचणीने टेप गळ्यातून काढली. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं, "मग?"

"माझं माप घे."

"पण बाई, पूर्ण नाटक..."

"वेडी का? पूर्ण नाटक कोण करतंय! पहिले दोन अंक धाकटीचे. तरुण राणी ती, म्हातारी मी. तिसरा अंक चाळीस मिनिटांचा. डॉक्टरांना आज सकाळी आठला उठवून विचारलं. म्हणाले, चाळीस मिनिटं चालेल, पायऱ्यांना कठडा हवा. कठडा लावेल सुतार. लेकीला मात्र अजून सांगितलं नाही."

"मग आधी तिला विचारा."

"तेच म्हणायला बोलावलंय तिला इथे. तुझ्यासमोर विचारते, म्हणजे मला गोड बोलून विषय टाळता येणार नाही."

धाकटी आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत. आईला पाहून थबकली. आईने आढेवेढे घेतले नाहीत. "तिसरा अंक मला देशील? एकाच खेळापुरता. नको असेल तर नको म्हण. काम तुझं आहे."

धाकटीने आधी आईकडे पाहिलं, मग झग्याकडे. टाचणीने माप घ्यायचं सोडून दोरा ओवायला घेतला. दोरा सुईत जात नव्हता, कारण तिचे डोळे भलतीकडे होते.

"मला काम हवंय, आई," धाकटी म्हणाली. "खोटं नाही बोलणार. तिसरा अंक मला फार हवाय."

"मग तसं सांग की."

"सांगतेच आहे. पण महिनाभर तू खुर्चीत बसून वाक्यं देतेस ना, त्यातली तिसऱ्या अंकाची तू कधीच वहीतून वाचत नाहीस. डोळे मिटून म्हणतेस. मी ती ऐकते आणि मग मला माझीच खोटी वाटतात." ती आईच्या पायाशी जमिनीवर बसली. "रविवारी तू कर. मी विंगेतून बघीन. नीट, जवळून. पुढच्या खेळापासून मी करीन, आणि तेव्हा खुर्चीत बसून नुसतं बघायचं, वाक्यं नाही द्यायची."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"टाचणी, ऐकलंस? साक्षीला तू."

"मावशी," धाकटी म्हणाली, "घड्याळ वर सांगत होते. तुम्ही विचारलं नसतं तर आज हा कापला असता, ना?"

"उत्तराविना दहा वाजून गेले असते, तरीही," टाचणी म्हणाली. लेकीने उठून तिला मिठी मारली, आणि टाचणीच्या झंपरवर लावलेली टाचणी तिच्या हाताला टोचली. "आई गं!" ती किंचाळली. तिघीही हसल्या, आणि त्या हसण्यात जे रडायचं होतं ते रडून घेतलं.

घड्याळांना कळलं तेव्हा ते मनगट विसरून खाली बसले. "मला वाटलं, त्यांना दुखेल," म्हणाले. टाचणी म्हणाली, "मलाही वाटलं. दुखलंही." आणि सुतारासाठी कठड्याचं माप त्यांच्या हातात दिलं.

रविवारी दुपारी प्रेक्षागृह भरलं. दोन अंक धाकटीने उचलून धरले. टाळ्या कानावर येत होत्या. तिसऱ्या अंकाआधी टाचणीने विंगेत राणीबाईंना झगा चढवला. दोन्ही कुशींत टीप बसलेली, तरीही पाठीला दोन टाचण्या लावाव्या लागल्या. तीन दिवसांत बाई आणखी उतरल्या होत्या. काठी भिंतीला टेकवली. एक हात नव्या कठड्यावर.

"घाबरताय?" टाचणीने कुजबुजत विचारलं.

"हो. हेही विचारायचं?"

"विचारलं की सांगता तुम्ही, म्हणून विचारते."

पडदा उघडला. आधी सरसर ऐकू आली. मग पहिली पायरी. टाचणी आणि धाकटी विंगेत हातात हात घालून उभ्या होत्या आणि दोघींचेही ओठ एकदमच हलत होते, आकडे मोजत. सहाव्या पायरीवर राणीबाई थांबल्या. लिहिलेल्या नाटकात तिथे थांबायचं नव्हतं. बाहेर कुणी खोकलं नाही. मग त्यांनी कठड्यावरचा हात उचलला, म्हाताऱ्या राणीने राज्याकडे शेवटचं पाहावं तसं प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि उरलेल्या पाच पायऱ्या हळूहळू उतरल्या.

चाळीस मिनिटांनी सगळं संपलं. टाळ्या, फुलं, घड्याळांचं डोळे पुसणं, हे सगळं वर चाललं होतं. खाली कपडेपटात राणीबाई स्टुलावर बसल्या होत्या, भिजलेल्या. टाचणी पाठीच्या टाचण्या काढून एकेक ओठांत धरत होती. धाकटी दारातून पाणी घेऊन आली.

"टाचणी," राणीबाई म्हणाल्या, "बावीस वर्षांत मी तुझे आभार मानले का गं कधी?"

टाचणीने टाचण्यांमधूनच उत्तर दिलं. "मानले होते. पहिल्या खेळाला. मोती मला उसने दिले होते ना, ते नंतर परत मागायला विसरलात."

"ते खोटे होते."

"माहीत आहे. तरी घालते मी."

राणीबाई हसता हसता खोकल्या. धाकटीने पाणी पाजलं. टाचणीने झग्याची बटणं खालपासून वर सोडवत आणली, बाईंचा एक एक हात बाहीतून अलगद बाहेर काढला, जसा झोपलेल्या लेकराचा काढतात, आणि मनातल्या मनात तिने बाईंचे आभार मानले. प्रश्न तिने विचारला होता, हे खरं. पण रात्रभर जागून खरं उत्तर शोधून आणायचं, चौदा पायऱ्या उतरून ते स्वतः आणून द्यायचं, एवढं कोण कुणासाठी करतं? कितीजण नुसतं 'तुला काय सांगायचं' म्हणून सोडून देतात.

झगा जड झाला होता. घामाने, आणि जरीने. तिने तो दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी दांडीवर पसरला. बाहेर प्रेक्षक घरी निघाले होते. कितीतरी जोडे थांबत थांबत चालले होते, तिथल्या तिथे वळत होते, पुन्हा निघत होते. कुणाला घरी जायची घाई दिसत नव्हती.